ही गोळी कधीपासून?

मुलगी हिंजवडीत नोकरीला, वडील निमगाव केतकीला, नेहमीचे डॉक्टर बारामतीत आणि अडीअडचणीला दाखवायचे ते इंदापुरात, अशी घरे आपल्या पट्ट्यात गावोगाव आहेत. अशा घरातली मुलगी शनिवार-रविवारी गावी येते, वडिलांच्या औषधांची पिशवी पलंगावर ओतते, सगळ्यांचे फोटो काढते आणि बारामतीच्या डॉक्टरांना ईमेल करते : ‘एवढी औषधे चालू आहेत, जरा पाहून सांगा.’ चांगलीच गोष्ट आहे. पण नुसत्या फोटोंवरून डॉक्टरांना एवढेच कळते की घरात काय काय आहे. पोटात काय जाते आणि कोणती गोळी कोणत्या गोळीच्या मागून आली, हे फोटोत नसते. औषधांचा गुंता झाला असेल, तर तो बहुतेक वेळा या मागून-पुढून येण्यातच असतो.

हे समजायला एक नमुना घेऊ. माणूस कल्पित आहे, पण असे केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर रोज येतात. आबा, वय 71. शुगर आणि बीपी जुने, दोन्ही नीट आटोक्यात. गेल्या दिवाळीपासून गुडघे धरले. मे महिन्यात मुलगी गावी आली तेव्हा आबांना उठता-बसता चक्कर येत होती, पायांवर सूज होती आणि पिशवीत सात प्रकारच्या गोळ्या होत्या. शिवाय एका बरणीत चूर्ण.

आधी फोटोंचे पाहू, कारण निम्मे काम तिथेच बिघडते. गोळ्यांच्या पट्टीची माहितीची बाजू चंदेरी असते. फ्लॅश मारला की ती चमकते आणि नेमकी बारीक अक्षरे पुसली जातात. दिवसा खिडकीशी, फ्लॅश बंद करून, पट्टी सपाट ठेवून, एका फोटोत एकच औषध घ्यावे. ब्रँडचे नाव मोठे असते, ते कसेही दिसते. डॉक्टरांना हवी असते त्याखालची बारीक ओळ : कोणते औषध, किती मिलिग्रॅम. मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख कधी कधी दुकानातल्या तुकड्यावरच राहते. अशा वेळी बिलाचा फोटो जोडावा, कारण बिलावर बॅच नंबर आणि मुदत दोन्ही असतात. 1 ऑगस्ट 2023 पासून तीनशे ठरावीक ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. तो फोटोत स्पष्ट आला, तर औषधाचे मूळ नाव, कंपनी, बॅच आणि मुदत पडताळता येते.

पाठवतानाही एक अडचण असते. जीमेलवर एका मेलला 25 एमबीपर्यंतच फाइली जोडता येतात. फोनचे आठ-दहा फोटो सहज त्यापुढे जातात. मग ते ड्राइव्हच्या लिंकने जातात, आणि लिंक उघडायची परवानगी दिलेली नसली की डॉक्टरांसमोर ‘परवानगी मागा’ असे पान येते. ओपीडीच्या गर्दीत ती कोण मागत बसणार? सगळे फोटो क्रमाने एका पीडीएफमध्ये घालणे सोपे. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरे विरतात, म्हणून तिथे पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

आता त्या बारीक ओळीकडे. ब्रँडच्या नावाला चिकटलेले शेपूट फार महत्त्वाचे असते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर बहुधा त्यात लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. ‘एएम’ असेल तर अॅम्लोडिपिन. शुगरच्या गोळीपुढे ‘एम’ म्हणजे बहुतेकदा मेटफॉर्मिन. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध दोनदा बसलेले असू शकते. आबांच्या बाबतीत तसेच झाले होते. एका पट्टीवर टेल्मिसार्टन 40 होते आणि दुसरीवर टेल्मिसार्टन 40 अधिक अॅम्लोडिपिन 5. आबांच्या लेखी एक ‘बारामतीची बीपीची’ आणि दुसरी ‘इंदापूरची बीपीची’. दोन्ही इमाने-इतबारे चालू.

फोटोवरून एवढे निघाले. पुढचे काढायला मुलीने आबांना प्रत्येक गोळीमागे चार प्रश्न विचारले : कधीपासून, कोणी दिली, कशासाठी, आणि खरोखर कशी घेता? तारखा आबांना आठवत नव्हत्या, सण आठवत होते. तेवढे पुरते. चौथ्या प्रश्नाला मात्र तोंडी उत्तरावर भागत नाही. आबा म्हणाले, “सगळ्या रोज घेतो की.” तिने लघवीच्या गोळीचे बिल काढले. 28 एप्रिलला तीस गोळ्या घेतल्या होत्या, त्याच दिवसापासून रोज सकाळी एक. 17 मेच्या संध्याकाळपर्यंत वीस दिवस झाले. उरायला हव्यात दहा, होत्या सोळा. मग आबांनी सांगितले, “एसटीत बसायचं असलं की ती घेत नाही. वाटेत कुठं उतरू?” कोणत्याही चिठ्ठीवर किंवा फोटोत हे आले नसते.

तिचा मेल असा गेला :

विषय : (रुग्णाचे नाव), वय 71, सर्व औषधांचे फोटो, तपासणीसाठी

नमस्कार डॉक्टर,
माझे वडील आपल्याकडे शुगर-बीपीसाठी येतात. शेवटची भेट गेल्या डिसेंबरात. महिन्याभरापासून उभे राहिल्यावर चक्कर येते, पडलेले नाहीत. घोट्यांवर सूज आहे. धाप लागत नाही, आडवे झोपता येते. घरी बसून बीपी 118/70. सध्या घेत असलेली सर्व औषधे सुरू झाल्याच्या क्रमाने लिहिते. पीडीएफमधले फोटो त्याच क्रमाने आहेत.
1. ग्लिमेपिराइड 1 + मेटफॉर्मिन 500, दिवसातून दोनदा. आपण दिलेली, दहाएक वर्षे.
2. टेल्मिसार्टन 40, सकाळी. आपण दिलेली, आठ वर्षे.
3. असेक्लोफेनॅक 100 + पॅरासिटामॉल 325, दोनदा. गुडघ्यांसाठी, इंदापूर, दिवाळीपासून. चिठ्ठी सात दिवसांची होती, पुढे मेडिकलमधून घेत राहिले.
4. पँटोप्राझोल 40, सकाळी. क्र. 3 सोबत.
5. टेल्मिसार्टन 40 + अॅम्लोडिपिन 5, सकाळी. इंदापूर, संक्रांतीपासून, तेव्हा बीपी 164/92 होते. क्र. 2 बंद केलेली नाही.
6. टॉर्सेमाइड 10, सकाळी. पायांच्या सुजेसाठी, गावातल्या डॉक्टरांनी, होळीपासून. आठवड्यातून दोन-तीनदा चुकते.
7. बीटाहिस्टिन 16, दोनदा. चक्करेसाठी, गावातलेच डॉक्टर, एप्रिलपासून.
याशिवाय शुगरसाठी चूर्ण, रोज एक चमचा. बरणीवर घटक लिहिलेले नाहीत. डोळ्यांचे थेंब, इन्शुलिन, पंप काही नाही. औषधाची ॲलर्जी माहीत नाही.
क्रिएटिनिन गेल्या वर्षी 1.1 होते, रिपोर्ट जोडला आहे. त्यानंतर तपासलेले नाही.
हा मेल वडिलांसमोर लिहिला आहे, त्यांची संमती आहे. आपण सांगेपर्यंत आम्ही स्वतःहून काही बंद केलेले नाही. प्रत्यक्ष आणायला हवे असल्यास कळवावे.

या मेलमध्ये भाषेची कारागिरी काही नाही, पण मांडणी सुरू झाल्याच्या क्रमाने आहे आणि त्यातच सगळी गंमत आहे. शुगरची, बीपीची, दुखण्याची अशी गटवारी केली असती तर यादी नीटनेटकी दिसली असती आणि डॉक्टरांना काहीच दिसले नसते. क्रमाने वाचली की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीचे बोट धरून आलेली दिसते.

तिसऱ्या ओळीपासून बघा. असेक्लोफेनॅक हे सूज आणि दुखणे कमी करणारे औषध. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हे त्याचेच भाऊबंद. ही औषधे शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि बीपी चढवतात. सरासरीने चार-पाच अंक, पण काही माणसांत बरेच जास्त. शिवाय टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा जोर ती बोथट करतात. दिवाळीला सुरू झालेली गोळी रोज दोनदा पोटात जात राहिली आणि संक्रांतीला बीपी 164 निघाले. इंदापूरच्या डॉक्टरांना बीपी वाढलेले दिसले, त्यांनी बीपीची गोळी वाढवली. त्यांच्या जागी त्यांचे बरोबरच होते. दुखण्याची गोळी अजून चालू आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सात दिवसांची चिठ्ठी त्यांच्या लेखी नोव्हेंबरातच संपली होती.

त्या नव्या गोळीत अॅम्लोडिपिन होते. अॅम्लोडिपिनने बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि काही जणांच्या घोट्यांशी पाणी झिरपते. ही सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नसते, झिरपलेल्या पाण्याची असते. म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. त्यात असेक्लोफेनॅक मीठ धरून ठेवतच होते. होळीला गावातल्या डॉक्टरांनी पाय पाहिले, दाबल्यावर खळगा पडतो म्हणून टॉर्सेमाइड दिले. सूज थोडीशी कमी झाली, पण अंगातले पाणी आणि क्षार मात्र जाऊ लागले. वर बीपीच्या दोन गोळ्या होत्याच. उभे राहिले की रक्तदाब खाली घसरू लागला, म्हणजे चक्कर. चक्करेला बीटाहिस्टिन. ते आतल्या कानाच्या विकारातून येणाऱ्या चक्करेसाठी देतात, उभे राहिल्यावर बीपी पडते त्याला ते काही करू शकत नाही. अशा मालिकेकडे पाउला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन वैद्यकीय संशोधकांनी 1990च्या दशकात लक्ष वेधले : औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवे औषध लिहिले जाते. गुडघ्यांच्या दुखण्यावरून चार गोळ्यांची भर पडली ती अशी. पँटोप्राझोल यात धरलेलेच नाही.

चक्कर दिसते तरी, मूत्रपिंडाचे नुकसान दिसतही नाही. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि असेक्लोफेनॅकसारखे दुखण्याचे औषध ही तिन्ही एकत्र आली की डॉक्टर सावध होतात. कारण समजायला नीरा डाव्या कालव्याच्या फाट्यावरचे एखादे पाण्याचे कुंड डोळ्यांसमोर आणा, पाणी येते त्या तोंडाला एक दार, जाते त्या तोंडाला दुसरे. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला अशीच दोन दारे असतात आणि गाळण व्हायला आत पाण्याचा दाब लागतो. लघवीच्या गोळीने कालव्यालाच पाणी कमी सुटते. दुखण्याची गोळी येण्याचे दार आवळते. टेल्मिसार्टन जाण्याचे दार उघडते. यातले एक-दोन बदल मूत्रपिंड दुसरे दार हलवून सांभाळून घेते. तिन्ही एकदम झाले की सांभाळायला दारच उरत नाही, कुंडातला दाब पडतो आणि क्रिएटिनिन चढू लागते. ब्रिटनमधल्या बीपीच्या सुमारे 4 लाख 87 हजार रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फक्त बीपीची दोन औषधे घेणाऱ्यांपेक्षा तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण 31 टक्क्यांनी जास्त निघाले. पहिल्या महिनाभरात तर 82 टक्क्यांनी. एकेका माणसाला धोका मोठा नसतो, पण सत्तरीचे वय, शुगर आणि मे महिन्याचे ऊन जोडीला आले की तो वाढतो.

म्हणून डॉक्टरांचे उत्तर ‘अमुक बंद, अमुक चालू’ एवढ्यावर संपले नाही. त्यांनी त्याच दिवशी दोन गोष्टी थांबवायला सांगितल्या, असेक्लोफेनॅकची गोळी आणि जुनी टेल्मिसार्टन. नवीत टेल्मिसार्टन आहेच, त्यामुळे ते चालू राहिले. बाकी कशालाही हात लावू नका, तीन दिवसांत घेऊन या, येण्यापूर्वी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून आणा, चूर्णाची बरणी आणा, असे लिहिले. एकाच दिवशी पाच गोळ्या बंद केल्या तर बरे कशाने वाटले ते कळत नाही, आणि बिघडले तर कशाने बिघडले तेही कळत नाही. काही औषधे तर एकदम तोडली की उलटतात. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारख्या हृदयाचे ठोके धीमे करणाऱ्या गोळ्या, जुने स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या. आबांच्या पिशवीत त्या नव्हत्या, पण असत्या तर ‘आपण सांगेपर्यंत काही बंद केलेले नाही’ या एका वाक्याने मोठा अपघात टळला असता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना पाच मिनिटे आडवे ठेवून बीपी घेतले, मग उभे करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. आडवे असताना 124, उभे राहिल्यावर 98. वरचा अंक वीस किंवा जास्त पडला की चक्करेचे कारण तिथे शोधतात. घरी बसून घेतलेल्या 118 मध्ये हे लपून राहिले होते, आणि ही गोष्ट कितीही चांगल्या मेलने कळत नाही. क्रिएटिनिन 1.7 निघाले. आकडा लहान वाटतो, पण आबांच्या वयाला गेल्या वर्षीचे 1.1 म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता 72च्या आसपास आणि 1.7 म्हणजे 43च्या आसपास. क्षमता एवढी उतरली की ग्लिमेपिराइडने शुगर फार खाली जाण्याचा धोका वाढतो. तीसच्या खाली गेली तर मेटफॉर्मिन बंदच करावे लागते. म्हणून ग्लिमेपिराइड तात्पुरते काढून नुसते मेटफॉर्मिन ठेवले. सूज हृदयामुळे नाही ना, हे तपासून टॉर्सेमाइड थांबवले, आणि त्याबरोबर बीटाहिस्टिनही. गुडघ्यांसाठी नुसते पॅरासिटामॉल, वरून लावायचे जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. आठवड्याने क्रिएटिनिन पुन्हा करायचे आणि अॅम्लोडिपिनचे काय ते तेव्हा ठरवायचे. चूर्णाच्या बरणीवर काहीच छापलेले नव्हते. त्यात ज्येष्ठमध असेल तर बीपी वाढते आणि पोटॅशियम उतरते, धातूंची भस्मे असतील तर मूत्रपिंडाला त्रास. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवायला सांगितले. आबांना सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.2 वर आले, चक्कर गेली, सूज निम्म्यावर. अॅम्लोडिपिन काढून पुन्हा नुसते टेल्मिसार्टन 40 ठेवले, तर बीपी 132. दिवाळीच्या आधी होते तेवढेच. सातातल्या दोनच गोळ्या उरल्या, कारण दुखण्याची गोळी नाही म्हटल्यावर तिच्यासोबत आलेल्या पँटोप्राझोललाही कारण उरले नाही. सगळ्यांचे असे होत नाही. कुणाचे मूत्रपिंड पूर्ण सावरत नाही. कुणाच्या सुजेमागे खरोखर हृदय असते आणि लघवीची गोळी जन्मभर लागते. कुणाचे बीपी दुखण्याच्या गोळीशिवायही वाढलेलेच असते. मेलवरून शंका येते, खरे-खोटे तपासणीतच ठरते.

डॉक्टरांनी मेलवर सल्ला द्यावा का, असा प्रश्न काहींना पडतो. केंद्र सरकारने 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तीत ईमेल हे मान्य माध्यम आहे. त्याच डॉक्टरांकडे त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलेले असेल, तर ती पुढची भेट धरली जाते आणि डॉक्टरांना दुरून औषध बदलायला जास्त मोकळीक मिळते. ‘शेवटची भेट गेल्या डिसेंबरात’ हे वाक्य त्यासाठी होते. रुग्णाच्या वतीने दुसरे कोणी बोलत असेल तर रुग्णाची संमती लागते, म्हणून ते वाक्यही. डॉक्टर नेहमीसारखी फीदेखील घेऊ शकतात, आणि सात औषधांचा असा हिशेब लावायला अर्धा तास जातो हे लक्षात घेता ती विचारून दिलेली बरी.

मुलीने जूनमध्ये आणखी एक छोटा मेल केला. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडीचे रिंगण करून निमगाव केतकीला येते. आबा दरवर्षी बेलवाडीपासून गावापर्यंत चालतात. चालू का? डॉक्टरांनी लिहिले : चाला, पाणी पीत राहा, दुखले तर पॅरासिटामॉल, वाटेत कोणी दिलेली दुखण्याची गोळी घेऊ नका. जुलाब किंवा उलट्या झाल्या आणि पोटात काही ठरेनासे झाले, तर टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन खाणे-पिणे सुरू होईपर्यंत थांबवा, आणि मेल करू नका, फोन करा.